गोफण शिकताना मी कुठे अडकलो

गोफण विणायला एक दुपार पुरली. सोलापूरकडच्या मामांनी सुताच्या दोन दोऱ्या आणि मध्ये दगड बसेल एवढा पट्टा कसा विणायचा ते दाखवलं. एका टोकाला फास, तो बोटात अडकवायचा. दुसरं टोक अंगठा आणि तर्जनीत धरायचं, वेळ आली की तेवढंच सोडायचं. दगड बसवून गोफण लोंबती धरली की दोन्ही दोऱ्या सारख्या ताणलेल्या हव्यात, नाहीतर दगड फिरवतानाच गळतो. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

पुढचे तीन आठवडे मात्र ‘सोडायची कधी’ या एकाच प्रश्नात गेले.

इंटरनेटवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं, दगड निशाणाच्या समोर आला की सोडा. मी तसंच करत राहिलो. तीस मीटरवर घमेलं टेकवून ठेवलं होतं आणि दगड दरवेळी डावीकडे, थेट शेजारच्या रानात. आठवडाभर मला वाटत होतं माझा हातच वाकडा आहे. तो सल्ला साफ चुकीचा होता, याचा राग अजून गेलेला नाही. सुटलेला दगड ताणलेल्या दोरीच्या दिशेने जात नाही, दोरीशी काटकोन करून सरळ जातो. डोक्यावर आडवी फिरणारी गोफण उजव्या हाताच्या माणसाची असेल, तर दगड समोर पोचतो तेव्हा तो डावीकडेच धावत असतो. सोडायची ती दगड आपल्या उजव्या बाजूला असताना.

हे कळल्यावरही दगड घमेल्याच्या तीन-चार मीटर डावीकडे पडत राहिला. मग एका रात्री वहीत हिशोब मांडला. माझा हात आणि दुमडलेली गोफण मिळून दीड मीटर. सेकंदाला दोन फेऱ्या. म्हणजे दगडाचा वेग सेकंदाला जवळपास १९ मीटर, ताशी ६८ किलोमीटर. त्याच फेऱ्या नुसत्या हाताने मारल्या तर निम्माही वेग येत नाही, कारण फिरणारा घेर लहान राहतो. दोरी हात लांब करते, तिची सगळी ताकद एवढीच. पण याच हिशोबात माझी चूकही सापडली. सेकंदाच्या शंभराव्या भागात गोफण सात अंश फिरते, आणि तीस मीटरवर सात अंश म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. माझी गोफण नेमकी एवढीच उशिरा सुटत होती.

उशीर का, ते मामांनी गोफण हातात घेताच सांगितलं. “गाठ बघ केवढी मारलीस. बोटात अडकतीय ती.” पकड नीट बसावी म्हणून सुटत्या टोकाला मी मोठी गाठ मारली होती. त्यांनी ती कापून बारीक गाठ मारली. त्या संध्याकाळी दगड पहिल्यांदा घमेल्याच्या उजवीकडे गेला आणि मला कोण आनंद झाला!

आधी सांगायला हवं होतं: दगड सगळे एका वजनाचे घ्या. वजन बदललं की हाताचा अंदाज बदलतो. शिशाचे, एका मापाचे गोफणगुंडे ग्रीक आणि रोमन सैन्यांत चालायचे त्याचं एक कारण हेच असावं. शिवाय शिसं जड, त्यामुळे लहान गुंड्याला हवा कमी अडवते. ग्रीक सेनानी झेनोफनच्या सैन्यातल्या ऱ्होड्स बेटावरच्या गोफणवाल्यांचे असे गुंडे मुठीएवढे दगड मारणाऱ्या इराण्यांच्या दुप्पट लांब जायचे.

गरगर फिरवणंही सोडा. रोमन लेखक वेजिशियस एकच फेरी पुरे म्हणतो. मी आता गोफण पाठीमागून डोक्यावरून उभी, एकदाच मारतो. उभ्या फेकीत वेळ चुकली तर दगड वर किंवा खाली जातो, बाजूला नाही, आणि समोर उभ्या माणसाची उंची त्याच्या रुंदीपेक्षा जास्त असते. वेजिशियस असंही लिहितो की गोल दगड चिलखतातल्या माणसाचं अंग न फाडता, रक्त न काढता त्याचा जीव घेतो. बाण अंगात रुतलेला दिसतो, हा मार दिसतही नाही.

भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवरच्या गोफणवाल्यांची तर एवढी दहशत, की इ.स.पू. १२३ मध्ये रोमन सेनानी मेटेलस तिथे चालून गेला तेव्हा त्याने जहाजांवर कातडी ताणून घेतली होती. त्या बेटांवर आया भाकरी खांबाला लावायच्या आणि पोराचा गोफणीचा नेम तिला लागेपर्यंत खायला द्यायच्या नाहीत, असं ग्रीक इतिहासकार डिओडोरस सांगतो. तीन आठवडे डावीकडे दगड मारल्यावर मला ही गोष्ट अजिबात अतिशयोक्त वाटत नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा नेम डोक्याने बसत नाही, तो लहानपणीच हातात मुरावा लागतो.

माझे आता दहात तीन दगड घमेल्याला लागतात. तो आवाज ऐकून मामा बांधावरून हात वर करतात.