पंचेचाळीस अंशांचा गोळा

फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. बारावीला प्रक्षेप्य गती शिकवताना फळ्यावर एक परवलय काढायचे, खाली 'सर्वाधिक अंतरासाठी प्रक्षेपण कोन 45 अंश' असे लिहायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, ही माझी अनेक वर्षांची पद्धत होती. गेल्या वर्षी चतुर्थीच्या सुट्टीनंतर गोळाफेकीचा सराव सुरू झाला, तेव्हा वर्गातील एका मुलाने ते वाक्य मनावर घेऊन 5 किलोचा गोळा मुद्दाम चढा टाकायला सुरुवात केली आणि दहा मीटरच्या पुढे जाणारी त्याची फेक साडेनऊच्याही आत येऊ लागली. "सर, पुस्तकात आहे तसेच करतो, तरी गोळा पुढे जात नाही," हे त्याचे गाऱ्हाणे होते आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा आम्ही मोजायचे ठरवले. मोबाईल तिपाईवर लावून फेकीच्या दिशेला काटकोनात, वर्तुळापासून आठ मीटरवर ठेवला आणि सेकंदाला 240 चित्रे घेणारी सोय वापरली. प्रमाणासाठी दर अर्ध्या मीटरवर लाल पट्टी रंगवलेला एक बांबू उभा केला. हातातून सुटल्यानंतरच्या दहा चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागात, गोळा किती पुढे आणि किती वर सरकला हे पाहिले की वेग आणि कोन दोन्ही काढता येतात. सुटण्याची उंची टेपने वेगळी मोजली. ती सुमारे 2 मीटर होती.

पहिल्या दिवशीचे सगळे आकडे मात्र वाया गेले. बांबू मी वर्तुळाच्या मागे, गोळ्याच्या रेषेपासून एक मीटर पलीकडे रोवला होता. त्यामुळे कॅमेऱ्याला जवळ असलेल्या गोळ्याचे सरकणे लांबच्या पट्ट्यांवर मोजले गेले आणि वेग आठव्या हिश्शाने जास्त आला. ही चूक लक्षात आली ती टेपमुळे. आलेला वेग सूत्रात घातल्यावर अंतर बारा मीटरच्या वर निघत होते, आणि ओल्या तांबड्या मातीत उमटलेली खूण तर साडेदहाच्याही अलीकडे होती. सूत्र असे आहे, त्यात R म्हणजे अंतर, v म्हणजे सुटतानाचा वेग, θ म्हणजे कोन, h म्हणजे सुटण्याची उंची आणि g म्हणजे गुरुत्वत्वरण:

R = (v cosθ / g) × (v sinθ + √(v² sin²θ + 2gh))

बांबू गोळ्याच्या रेषेत आणल्यावर हिशेब जुळला. मुलाच्या नेहमीच्या फेकीत कोन 36 अंश आणि वेग सेकंदाला 9.1 मीटर होता, सूत्राने 10.20 मीटर सांगितले आणि टेपने 10.4. वरचे वीसेक सेंटिमीटर सूत्राची चूक नव्हे. मोजणी वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेल्या फळीच्या, म्हणजे स्टॉपबोर्डच्या, आतल्या कडेपासून होते आणि गोळा सुटताना हात त्या फळीच्या पुढे गेलेला असतो, एवढेच त्याचे कारण. चढ्या फेकीत कोन 44 अंश झाला होता, पण वेग 8.6 वर उतरला होता. तिचे गणिती अंतर 9.23 मीटर आले. मोबाईलच्या मोजणीत कोनाला एक-दोन अंशांचा फरक पडू शकतो हे मान्य केले, तरी जवळजवळ एक मीटरची तूट त्याने भरून निघत नाही.

येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून सांगितल्याशिवाय मुलांना प्रकरण कळत नाही, असे माझे मत झाले आहे. पहिली गोष्ट उंचीची. 45 अंशांचा नियम वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडत असेल तरच खरा आहे. गोळा हाताच्या पातळीवर परत आल्यानंतरही आणखी 2 मीटर खाली पडायचा असतो, आणि त्या जादा वेळात आडवा वेग जास्त असलेली, म्हणजे थोडी सपाट, फेक पुढे सरकून घेते. उत्तम कोन tanθ = v / √(v² + 2gh) या सूत्राने मिळतो आणि 9.1 च्या वेगाला तो साडेएकोणचाळीस अंश येतो.

पण एवढ्याने मुलाची घसरण समजत नाही. वेग न बदलता कोन 45 वर नेला असता, तर त्याचे नुकसान नऊ सेंटिमीटरच्या आसपासच झाले असते. खरे नुकसान वेगाचे होते. ग्लाईड करताना, म्हणजे फेकीआधी वर्तुळात मागून पुढे सरकताना, शरीराला मिळालेली गती आडवी असते, छातीपासून पुढे ढकलण्याची ताकद डोक्यावर ढकलण्यापेक्षा जास्त असते, आणि गोळा जितका चढा ढकलावा तितका जोराचा जास्त वाटा त्याचे वजन उचलण्यात जातो. बंद पडलेली स्कूटर ढकलणारा मुलगा गॅसचा भरलेला सिलिंडर डोक्यावर सहज नेऊ शकत नाही, हे वर्गाला लगेच पटले. वेगाचा परिणाम अंतरावर जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात होत असल्यामुळे अर्ध्या मीटरचा वेग गमावणे हे पाच अंश चुकण्यापेक्षा फार महाग पडते. म्हणूनच कसलेले गोळाफेकपटू उंचीच्या सूत्राने येणाऱ्या कोनापेक्षाही खाली, पस्तीसच्या आसपास गोळा सोडतात.

"मग परीक्षेत काय लिहू, सर?" असे त्याने विचारलेच. 45 अंश लिही, पण 'सुटण्याची व पडण्याची पातळी समान असल्यास' हे शब्द त्यापुढे लिहायला विसरू नकोस, असे मी सांगितले.

भालाफेकीला हेच स्पष्टीकरण लावता येईल असे मला वाटले होते. ते लागले नाही. सेकंदाला 18 मीटर वेगाने 1.8 मीटर उंचीवरून सुटलेल्या भाल्यासाठी तेच सूत्र साडेत्रेचाळीस अंश सांगते. वेग मोठा असला की उंचीचे महत्त्व उरत नाही. तरीही चांगले भालाफेकपटू साधारण 32 ते 37 अंशांत भाला सोडतात. त्यात धावेची आडवी गती आणि हाताचा जोर हे कारण आहेच, पण गोळ्याच्या बाबतीत हिशेबातून वगळता येणारी हवा येथे वगळता येत नाही. 600 किंवा 800 ग्रॅमच्या लांबट दांडीवर हवेचा चांगलाच प्रभाव पडतो.

म्हणून भाल्याचे दोन कोन पाहावे लागतात: तो ज्या मार्गाने निघाला त्याचा कोन आणि दांडीचा स्वतःचा कल. आमच्या एका मुलीचा भाला दरवेळी वर उचलल्यासारखा होई, मध्येच थकल्यासारखा वाटे आणि आडवा आपटे. टोक आधी टेकत नसल्यामुळे फेक बाद ठरे. मी तिला कोन कमी करायला सांगत राहिलो आणि तो सल्ला चुकीचा होता. चित्रांत मार्गाचा कोन 35 अंशच होता, दांडीचा कल मात्र 48 होता. तेरा अंशांच्या या फरकामुळे हवा दांडीच्या खालच्या बाजूवर आदळून भाल्याचा वेग खात होती.

दोष धावेच्या शेवटच्या पावलांत होता. भाला मागे नेताना तिचा हात खांद्याच्या खाली उतरत असे आणि टोक आकाशाकडे वळत असे. तळवा वर, हात खांद्याच्या पातळीवर आणि टोक डोळ्याजवळ ठेवून दांडीच्याच रेषेत ओढण्याचा सराव तिने तीन आठवडे, आधी उभ्याने आणि मग पाच पावलांवरून केला. त्यानंतरच्या चित्रीकरणात मार्ग 35 आणि दांडी 39 अंशांवर होती, आणि भाला टोकावर रुतला.