जेवलास का, म्हणते आई

पुण्यात मी सुगम संगीत शिकवतो. महिन्यापूर्वी लातूरकडचा एक मुलगा आला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. घरच्या आठवणीवर गाणं लिहायचं होतं. पेटीला कधी हात लावलेला नाही, कविताही लिहिलेली नाही. वहीत एकच ओळ, ‘आठवणींच्या वाटेवर मन हळवे होते’. अशा ओळी मुलं शाळेतल्या निरोप समारंभातून आणतात. त्यात ना लातूर असतं, ना आई.

वही मिटायला लावली आणि विचारलं, काल रात्री काय केलंस? रविवार होता, संध्याकाळी मेस बंद. चहात बिस्किटं बुडवून खाल्ली. आईचा फोन आला, ‘जेवलास का?’ हा ‘हो’ म्हणाला.

मुखडा तिथेच होता. मी टेबलावर केरवा धरला, आठ मात्रांचा, आणि त्याला बोलायला लावलं. ‘जेवलास का’ आठ मात्रांत बसलं, ‘म्हणते आई’ पुढच्या आठांत. मग त्यानंच जोडलं:

जेवलास का, म्हणते आई
हो म्हणतो मी, सांगत नाही

‘आई’ आणि ‘नाही’ दीर्घ स्वरावर संपतात, म्हणून गळा तिथे थांबू शकतो. मुखडा पुन्हा पुन्हा यायचा, त्याला ही जागा लागतेच. काय सांगत नाही, ते मात्र मुखड्यात घालायचं नाही. अंतऱ्याला मग कामच उरत नाही.

अंतऱ्यात तो अडकला. ‘मेस बंद आहे आणि आज रविवारची रात्र आहे’, असं लिहून ठेक्यावर म्हणायला गेला की ‘रविवारची’पाशी जीभ पळायची आणि सम निसटायची. जीभ पळाली की शब्द जास्त झालेत, ही खूण नवशिक्यालाही कळते. दोन्ही ‘आहे’ काढले, ‘आज’ही गेलं. तासाभरानं हे उरलं:

मेस बंद अन् रविवार रात
बिस्किट भिजते कपभर चहात
घरी निघाली तिसरी शिट्टी
दिवस मोजतो, लांबच सुट्टी

प्रत्येक ओळ सोळा मात्रांची. ‘अन्’ जुनाट वाटतं, पण ‘आणि’नं मात्रा वाढते. शिट्टी कुकरची, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. मलाही नाही. चाल साधीच ठेवली: अंतरा खालच्या स्वरांत, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि ‘जेवलास का’ला एकदम वर.

त्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. बेसूर होतं, पण ‘हो’ म्हणताना आवाज जिथे बसला, तिथे मला सुधारायला काही सुचलं नाही.

निघताना म्हणाला, “सर, हे आईला पाठवता येणार नाही.”

“का रे?”

“तिला कळेल ना.”

म्हटलं, एखादी ओळ बदलू या. त्यानं दोनदा गुणगुणून पाहिलं. “नको सर, मग पाठवण्यासारखं काही राहत नाही.”

त्या हळव्या मनाच्या ओळीवर मी त्याला सोडलं असतं, तर ते गाणं त्याच रात्री लातूरला पोचलं असतं. परवा विचारलं, अजून पाठवलेलं नाही.