दोनच्या ठोक्याची जाग

घरातलं माणूस गेल्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट हमखास दिसते. भर दुपारी, बैठकीत चार माणसं हलक्या आवाजात बोलत असताना, रात्रभर जागलेल्या माणसाची मान खुर्चीतच कलते. आणि रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, अंथरूण-पांघरूण जय्यत तयार असताना डोळ्याला डोळा लागत नाही. लोक म्हणतात, "थकलीय बिचारी, झोपू द्या." थकलेली असते हे खरंच. पण नुसत्या थकव्याने झोप येत नाही. आपण जागं राहायची गरज नाही हे शरीराला पटावं लागतं. दुपारी आजूबाजूला माणसं असतात, म्हणजे पहाऱ्यावर कुणीतरी आहे. रात्री पहारा आपलाच.

ज्यांनी दीर्घ आजारपण काढलंय, त्यांच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरं. समजा, एका बाईने सहा महिने नवऱ्याची शुश्रूषा केली. रात्री अकराला एक गोळी, दोनला कूस बदलून द्यायची, पाचला पुन्हा औषध. मधल्या वेळातही एक कान सतत उघडा: श्वास नीट चाललाय ना, खोकला आला का. माणूस गेलं तरी कानाची ड्यूटी संपत नाही. रात्री दोनला तिला टक्क जाग येते, गजर नसताना. उठून बसते, आणि मग आठवतं की आता उठायचं कारण उरलेलं नाही. त्या आठवण्यानेच छाती धडधडते आणि पुढचे दोन तास जातात.

पहाट आणखी वाईट. रात्रीच्या उत्तरार्धात शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं, सकाळच्या तयारीसाठी कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढू लागतं आणि झोप उथळ होते. स्वप्नांची झोपही मुख्यतः याच शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येते. म्हणून गेलेलं माणूस स्वप्नात भेटतं ते बहुधा पहाटे, आणि जाग आली की ते पुन्हा एकदा जातं. या वेळी मनाला जे जे पटतं (आपणच उशीर केला, आपलंच चुकलं, आता पुढे काहीच नाही) ते सकाळी दहाला तितकंसं पटत नाही. त्यामुळे घर विकायचं की नाही, मुलाकडे राहायला जायचं की नाही, असले निकाल पहाटे चारला लावू नयेत.

इथपर्यंतचं सगळं दुःखाचं काम. पुढचा बिघाड आपण आपल्या हाताने करतो, आणि तोही अगदी समजण्यासारख्या कारणाने. माणसं पांगल्यावर संध्याकाळ अंगावर येते. बोलायला कुणी नाही, म्हणून ही बाई साडेआठलाच अंथरुणात शिरते. झोप लागते साडेअकराला. दोनला जाग. चारला परत डोळा लागतो, सहाला उघडतो, तरी कुणासाठी उठायचं म्हणून ती साडेसातपर्यंत पडून राहते. हिशोब केला तर अंथरुणात अकरा तास आणि झोप साडेचार. दुपारी तासभर डुलकी होते, म्हणजे रात्रीसाठी साठायची ती झोपेची ओढही थोडी खर्च झाली. उरलेले साडेसहा तास ती त्या पलंगावर जागी राहून रडते, आठवते, घड्याळ बघते. असे काही आठवडे गेले की पलंगावर पाठ टेकताच मन आपोआप जागं होतं. दुःखाची धार थोडी बोथट झाली तरी ही सवय तशीच राहते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत कुणालाही वेळापत्रक लावू नये. तेव्हा जेव्हा येईल तेव्हा झोपावं. फक्त सकाळी उठायची वेळ एकच ठेवावी आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात जावं, गॅलरीत का होईना. मग घर जरा शांत झालं की अंथरुणाचे तास कमी करायचे. तिच्यापुरतं बोलायचं तर उठणं रोज सहाला, रात्र कशीही गेली तरी. झोपायला साडेआठऐवजी आधी साडेदहाला आणि चार-पाच दिवसांनी साडेअकराला. दुपारची डुलकी घ्यायचीच असेल तर तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं. अंथरुणात आता साडेसहाच तास आहेत. आठवडाभर त्यांतले साडेपाच-पावणेसहा झोपेत जाऊ लागले की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्यायची. मग पुन्हा आठवडाभर थांबायचं. सुरुवातीचे काही दिवस पेंग जास्तच येते. ती येतेय तोवर गाडी चालवू नये. फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करूच नये, कारण झोप तोडल्याने त्यांचं दुखणं उसळू शकतं.

राहता राहिली ती संध्याकाळ. ती भरून काढायची युक्ती कुणाकडे नाही. पण रडायला आणि कागदपत्रांना संध्याकाळचाच अर्धा तास ठरवून द्यावा, सहा-साडेसहाचा, पलंगापासून लांब, टेबलाशी. फोटो बघायचे ते तेव्हा, बँकेचं, विम्याचं काय राहिलंय ते लिहायचं ते तेव्हा. याने रात्रीचे विचार थांबतात असं नाही. पण दोन वाजता "हे उद्या संध्याकाळी सहाला" म्हणायला जागा होते.

आणि दोनची ती जाग? घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवावं. (रात्रीच्या खोलीत टिकटिकणाऱ्या घड्याळाचं काय काम, हे मला कधीच कळलेलं नाही.) अंदाजे पंधरा-वीस मिनिटं झाली आणि झोपेचा पत्ता नसेल, तर उठून दुसऱ्या खोलीतल्या खुर्चीत बसावं. ही खुर्ची दिवसाच ठरवलेली असावी, शेजारी मंद दिवा आणि एक शाल. हाताला बिनमहत्त्वाचं काम: घड्या घालणं, वाचलेलंच पुस्तक पुन्हा वाचणं. मोबाइल नको, त्यात गेलेल्या माणसाचे मेसेज आहेत. पापण्या जड झाल्या की परत यावं. नुसतं अंग दुखतंय म्हणून आलं तर पुन्हा छताकडे बघत पडणं होतं.

पलंगाच्या त्या रिकाम्या बाजूचं मात्र काही शास्त्र नाही. कुणी मधोमध झोपतं, कुणी त्याच बाजूला, कुणी उशी कवटाळून. न धुतलेला सदरा उशाशी ठेवला तर ठेवू द्यावा. नातेवाईकांनी आवराआवरीची घाई करू नये.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एवढंच, की डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर घ्याव्यात, पण भेटायला आलेल्या कुणाच्या पर्समधल्या पट्टीतून नाही. त्या गोळीच्या गुंगीत वयस्क माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतं. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री ती उतरू लागली की झोप तुकड्यातुकड्यांची होते, म्हणजे नेमका जो भाग आधीच कच्चा आहे तोच. आणि दोन्ही एकत्र घेतली तर श्वास मंदावू शकतो.

आठवड्यातून तीन रात्री असंच, आणि तेही तीन महिने, चाललं तर ते निद्रानाशाचं वेगळं दुखणं समजून दाखवावं. त्याच्यावर उपचार आहेत. पण एका गोष्टीसाठी तीन महिने थांबायचं नाही. पहाटे चारला नुसती आठवण न येता, आपणही गेलेल्या माणसाच्या मागे जावं असं वाटू लागलं, तर खुर्ची, शाल, पंधरा मिनिटं हे सगळं बाजूला ठेवून घरातल्या कुणाला तरी हलवून उठवावं. घरात कुणी नसेल तर फोन करून उठवावं. त्याची झोपमोड होईल. होऊ द्यावी.