‘स्थानिक अनुभव हवा’ म्हणजे नेमकं काय हवं?

परदेशात शिकायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका दुकानाच्या जाहिरातीला अर्ज केला. काउंटरवरचं काम होतं. अटी तीनच: सहा महिन्यांचा स्थानिक अनुभव, रोख रक्कम हाताळण्याची सवय आणि शनिवार-रविवारी उपलब्धता. मी पाठवला तो दोन पानी रेझ्युमे. त्यात फोटो, जन्मतारीख, शाळेपासूनचे टक्के, प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. उत्तर आलं नाही. असे आणखी बरेच अर्ज वाया गेले.

विद्यापीठाच्या करिअर विभागातल्या बाईंनी तो रेझ्युमे जाहिरातीशेजारी ठेवला आणि विचारलं, “या तीन अटींपैकी एकीचं तरी उत्तर यात आहे का?” नव्हतं. त्यांचं म्हणणं मला पटलं: पार्ट-टाइम कामात ‘स्थानिक अनुभव’ मागणाऱ्या मॅनेजरला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की हा माणूस शिफ्टला वेळेवर येईल, ग्राहकाचं बोलणं त्याला कळेल आणि तसं सांगणारं कुणीतरी इथे फोनवर भेटेल.

मग प्रोजेक्ट खाली गेला, फोटो आणि टक्के निघाले. वर आला कॉलेजच्या महोत्सवातला अनुभव, जो मी आधी लिहिलाच नव्हता: ‘तिकीट खिडकी, ३ दिवस, रोज रात्री रोख रकमेचा हिशेब जुळवून जमा.’ त्याखाली उपलब्धता: ‘शनिवार-रविवार पूर्ण दिवस, मंगळवारी ४ नंतर, व्हिसाच्या तासांच्या मर्यादेत.’ ‘कधीही येऊ शकतो’ असं लिहू नका. परदेशी विद्यार्थ्यांना तासांची मर्यादा असते हे मॅनेजरना ठाऊक असतं, त्यामुळे ती ओळ खोटी वाटते.

उरला फोनचा प्रश्न. त्यासाठी मी आधी कॅम्पसवरचं काम धरलं, कारण तिथे नव्या विद्यार्थ्यांना सहसा स्थानिक अनुभवाशिवायही घेतात. ग्रंथालयात आठवड्याला ८ तास पुस्तकं जागेवर लावली. दोन महिन्यांनी तिथल्या सुपरवायझरना विचारून त्यांचं नाव रेफरन्स म्हणून दिलं. विचारल्याशिवाय कुणाचं नाव देऊ नये. अचानक आलेल्या फोनवर माणूस गोंधळतो आणि नुकसान आपलंच होतं.

काही मित्र ओळखीच्या दुकानाचं नाव लिहून खोटा अनुभव दाखवतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं, आणि एका फोनमध्ये ते उघडंही पडतं. फुकट काम करून अनुभव मिळवायचा असेल, तर व्हिसाच्या अटी आधी वाचा. काही देशांत दुकानातलं बिनपगारी कामही ‘काम’च धरलं जातं. आणि जाहिरातीत परवाना किंवा प्रमाणपत्र मागितलं असेल, तर शब्द कितीही बदलले तरी उपयोग नाही. ते आधी मिळवावं लागतं.

नव्या रेझ्युमेवर एका दुकानातून बोलावणं आलं. मॅनेजरनी पहिलाच प्रश्न विचारला, “तिकीट खिडकीवर रात्री पैसे कमी भरले, तर काय करायचात?”