तुम्ही विचारलंत म्हणून: टायटसच्या कमानीपासून

‘प्रबंधाच्या लिटरेचर रिव्ह्यूत रिस्टोरेशन विरुद्ध कॉन्झर्वेशन हा दोनशे वर्षांचा वाद लिहायचा आहे. व्हिओले-ल-द्यूक, रस्किन आणि मग जतनाविषयीच्या सगळ्या सनदा असं ओळीनं लिहिलं तर चालेल ना?’

चालणार नाही, कारण त्या ओळीत पहिलीच गाठ उलटी बसते. वाद असा: रिस्टोरेशन म्हणजे वास्तू पूर्ण रूपात परत आणणं, कॉन्झर्वेशन म्हणजे आहे तशी जपणं. बहुतेक प्रबंधांत फ्रेंच वास्तुकार व्हिओले-ल-द्यूकनं एक मत मांडलं आणि इंग्लिश कलासमीक्षक रस्किननं त्याला उत्तर दिलं, असं लिहिलेलं असतं. तारखा पाहा. रिस्टोरेशन म्हणजे ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोटं’ हे रस्किनचं वाक्य ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या पुस्तकात आहे आणि ते १८४९ चं. वास्तू अशा पूर्ण अवस्थेत आणायची की जी अवस्था कदाचित कधीच अस्तित्वात नव्हती, ही व्हिओले-ल-द्यूकची व्याख्या त्याच्या वास्तुकोशाच्या आठव्या खंडात आहे आणि तो खंड १८६६ चा. उत्तर प्रश्नाच्या सतरा वर्षं आधी येत नाही. रस्किनच्या डोळ्यांपुढे इंग्लंड-फ्रान्समधली चालू कामं होती, ही व्याख्या नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा की माणसांच्या क्रमानं लिहू नका. एक नेमका प्रश्न धरा आणि प्रत्येक लेखकाला तोच विचारा. मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रश्न हा: वास्तूचा हरवलेला भाग नव्यानं भरायचा ठरला, तर तो नवा आहे हे पाहणाऱ्याला कळावं की कळू नये? या प्रश्नाची सुरुवात रोममध्ये, टायटसच्या कमानीवर होते. आढावाही तिथूनच सुरू करावा.

सम्राट टायटसच्या मृत्यूनंतर, इ.स. ८१ च्या सुमारास उभारलेली ही कमान मध्ययुगात एका घराण्याच्या तटबंदीत चिणली गेली. नंतर लगतची बांधकामं काढली, तेव्हा तिला धरून ठेवणारा आधारच गेला. मधला कमानमार्ग, आतली दोन शिल्पपटलं आणि मार्गालगतचे अर्धस्तंभ एवढंच मूळचं उरलं होतं, दोन्ही बाजूंचे खांब जवळजवळ नव्हते. १८१८ च्या सुमारास वास्तुकार राफाएले स्टर्ननं काम हाती घेतलं. १८२० मध्ये तो वारला आणि ज्युसेप्पे वालादिएरनं ते पुढे नेलं. त्यानं सेंटरिंग लावून कमानीचे दगड उतरवले आणि पुन्हा त्यांच्या जागी बसवले. बाजूचे हरवलेले भाग मात्र मूळच्या संगमरवरात न घडवता ट्रॅव्हर्टाइन या रोमजवळ मिळणाऱ्या चुनखडीच्या दगडात घडवले. मूळच्या अर्धस्तंभांवर उभ्या खोबणी आहेत, नवे स्तंभ गुळगुळीत ठेवले. लांबून कमान पूर्ण दिसते, जवळ गेलं की जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते बोटानं दाखवता येतं.

आता या एकाच कामाविषयी दोघांनी काय लिहिलं ते शेजारी ठेवा. फ्रेंच वास्तुसिद्धांतकार क्वात्रमेर द कँसीनं १८३२ च्या आपल्या वास्तुकोशात हे काम नमुना म्हणून पुढे केलं. एकूण आकार पूर्ण करावा, बारीक कोरीवकाम सोडून द्यावं, म्हणजे पाहणारा फसत नाही, असा त्याचा मुद्दा. फ्रेंच कादंबरीकार स्तांदालनं त्याआधी, १८२९ मध्येच, खंत व्यक्त केली होती की आता आपल्याकडे टायटसच्या कमानीची फक्त नक्कल उरली आहे. एकाच दगडकामात एकाला प्रामाणिकपणा दिसतो, दुसऱ्याला नाश. तुमच्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद याहून चांगला मिळणार नाही.

पण इथे एक सापळा आहे. पुढच्या शंभर वर्षांत जे तत्त्व म्हणून मांडलं गेलं ते वालादिएरच्या मनात तसंच होतं, असं लिहून टाकायचा मोह होतो. त्याच माणसानं त्याच दशकात कोलोसियमच्या ढासळत्या बाह्य भिंतीला पश्चिमेकडून टेकू दिला. तिथे त्यानं बरंचसं बांधकाम विटांत केलं आणि ते ट्रॅव्हर्टाइनसारखं दिसावं म्हणून वर रंगाचा हात दिला. म्हणजे एका ठिकाणी नवं उघड ठेवलं, दुसऱ्या ठिकाणी झाकलं. वीट स्वस्त पडते ही गोष्ट या निर्णयात होतीच. कोलोसियमच्या दुसऱ्या टोकाला स्टर्ननं १८०६-०७ मध्ये बांधलेला टेकू तर आणखी वेगळा आहे. निसटू लागलेले कमानीचे दगड जिथे होते तिथेच, वाकड्या अवस्थेत, विटांनी चिणून थांबवले आहेत. पडझडीचा क्षणच गोठवला आहे. हरवलेलं काहीही भरलेलं नाही. या तीन कामांचा तक्ता केलात आणि प्रत्येकापुढे नवं साहित्य कोणतं, ते उघड की झाकलेलं, जुने दगड हलवले की नाही, एवढं लिहिलंत, तर पुढची सगळी सैद्धांतिक भाषा त्यावर तपासता येते.

रस्किनला हा प्रश्न विचारला तर तो प्रश्नच नाकारतो, भरायचंच नाही म्हणतो. मात्र ते प्रसिद्ध वाक्य उचलून पुढे गेलात तर आढावा कच्चा राहतो. त्याच प्रकरणात पुढे तो अगदी गवंड्याच्या भाषेत बोलतो: छपरावर वेळेवर शिशाचे चार पत्रे घाला, पन्हाळीतला पालापाचोळा वेळेवर काढा, दगड सुटत असेल तिथे लोखंडानं बांधा, कलत असेल तिथे लाकडाचा टेकू द्या. तो टेकू दिसायला कुरूप असला तरी चालेल, असंही तो म्हणतो. म्हणजे हस्तक्षेपाला त्याचा विरोध नाही, नकलेला आहे. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसनं सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज काढली, तिच्या जाहीरनाम्यात रोजच्या देखभालीवर जो भर आहे त्याचं मूळ इथे सापडतं. आवृत्तीही तपासा. रस्किनच्या पुस्तकातली ठळक टाइपातली, क्रमांक दिलेली सूत्रं १८८० च्या आवृत्तीत आली. ती उद्धृत करून खाली १८४९ लिहिलंत तर जाणकार परीक्षक तिथेच थांबेल.

व्हिओले-ल-द्यूकवर होणारा अन्यायही असाच एका वाक्यापुरता वाचण्यातून होतो. १८४३ मध्ये वास्तुकार लास्यूसबरोबर पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलसाठी दिलेल्या अहवालात तो सांगतो की वास्तुकारानं स्वतःची आवड विसरून मागे राहावं. १८६६ च्या लेखातही व्याख्येनंतर जुन्या अवशेषांची नोंद आणि इमारतीच्या इतिहासाचं ज्ञान यांचा आग्रह आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इमारत टिकवायची तर तिला वापर मिळवून द्या, हा मुद्दाही तिथेच आहे. तरी त्याची कामं या अहवालाइतकी सावध नाहीत. नोत्र-दामचा जुना मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवलेला होता. त्यानं १८५९ मध्ये स्वतःच्या रचनेचा नवा उभारला. २०१९ च्या आगीत तो कोसळला आणि त्याच्याच रचनेप्रमाणे पुन्हा उभारला गेला. एकोणिसाव्या शतकातली भर आज स्वतःच जपण्याची वस्तू झाली. आढाव्यात याला दोन वाक्यं द्या, पण द्या.

दोन टोकांमधला रस्ता इटलीत वास्तुकार कामिल्लो बोइतोनं १८८३ च्या रोमच्या परिषदेत आखला. त्याचे मुद्दे वाचताना टायटसची कमान डोळ्यांपुढे ठेवा: नव्या-जुन्याच्या शैलीत फरक, साहित्यात फरक, नव्या भागावर नक्षी टाळणं, नव्या दगडावर खूण किंवा साल कोरणं, काढलेले तुकडे जवळच प्रदर्शित करणं, कामाची छायाचित्रं ठेवणं. पहिले तीन साठ वर्षांपूर्वी त्या कमानीवर झालेले आहेत. १९६४ च्या व्हेनिस सनदेचं बारावं कलम, भरलेला भाग एकूण वास्तूशी जुळावा पण मूळच्यापासून ओळखू यावा, हे याच धाग्याचं टोक. नववं कलम म्हणतं की जिथे तर्क लढवावा लागतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे.

मधली १९३१ ची अथेन्स सनद घाईत ओलांडू नका. एक तर ती १९३३ च्या, शहररचनेविषयीच्या दुसऱ्या अथेन्स सनदेशी गल्लत करून लिहिली जाते. दुसरं म्हणजे ती या धाग्याला सरळ छेद देते. तिनं आधुनिक साहित्याला, विशेषतः आरसीसीला, मान्यता दिली आणि मजबुतीकरण शक्यतो झाकलेलं असावं असं सांगितलं. नवं ओळखू यावं आणि आधार दिसू नये, या दोन अपेक्षांमधला ताण तुम्ही दाखवला नाहीत तर सनदा एका शिडीच्या पायऱ्या वाटतात, आणि तशा त्या नाहीत.

हा ताण किती महाग पडतो ते अथेन्समध्येच दिसतं. ग्रीक अभियंता निकोलाओस बालानोसनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पार्थेनॉनची उत्तरेची स्तंभरांग पुन्हा उभी केली. दगड जोडायला त्यानं आत लोखंड घातलं. प्राचीन कारागीरही लोखंडी क्लॅम्प वापरत, पण त्याभोवती शिसं ओतत. त्यामुळे पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोहोचत नसे. बालानोसच्या लोखंडाला हे कवच नव्हतं. गंजताना लोखंड फुगतं, गंजाला मूळ धातूहून कितीतरी जास्त जागा लागते आणि तो दाब संगमरवर आतून फोडतो. सांध्यांवर तांबूस डाग आणि क्लॅम्पच्या रेषेत जाणारी चीर दिसली की आत काय चाललं आहे ते कळतं. शिवाय काही दगड मूळ जागी न बसता दुसरीकडेच बसले होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या समितीच्या देखरेखीखाली हे लोखंड काढून टायटॅनियम घालण्याचं आणि दगड आपापल्या जागी नेण्याचं काम सुरू झालं. तत्त्वांचे ग्रंथ वाचून हे कळत नाही, त्यासाठी दुरुस्तीचे अहवाल वाचावे लागतात. तुमच्या यादीत सैद्धांतिक ग्रंथांइतकेच कामांचे अहवाल असले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

शब्दांचा एक घोळ आधीच सोडवून ठेवा. इटालियन ‘रेस्ताउरो’मध्ये जतनही येतं, इंग्रजी ‘रिस्टोरेशन’मध्ये येत नाही. इंग्रजी भाषांतरावरून बोइतोला रिस्टोरेशनवाला ठरवण्याची चूक इथूनच होते. मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘जीर्णोद्धार’ हा शब्द रिस्टोरेशनसाठी बेलाशक वापरू नये. देवळाच्या जीर्णोद्धारात पूजा चालू राहणं हे उद्दिष्ट असतं, दगड मूळचा राहणं हे नव्हे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शलच्या १९२३ च्या कॉन्झर्वेशन मॅन्युअलमध्ये नवं करणं नव्हे, जपणं हे पहिलं कर्तव्य असं लिहिलं आहे. त्यामागे इंग्लंडमधली रस्किन-मॉरिसची परंपरा ऐकू येते. वारसा जपणाऱ्या इंटॅक या भारतीय संस्थेची २००४ ची सनद ‘जीर्णोद्धारणम्’ हा शब्द मुद्दाम आणते आणि परंपरागत कारागिराच्या हातच्या नूतनीकरणाला जागा देते. तुमची अभ्यासवास्तू महाराष्ट्रातलं पूजेतलं देऊळ असेल, तर या दोन दस्तऐवजांना मूळचाच प्रश्न विचारा. शिखराचा नवा दगड पाथरवटानं जुन्यासारखाच घडवला, तर त्यावर साल कोरायचं की नाही? मार्शलच्या आणि इंटॅकच्या मजकुरातून याची उत्तरं वेगळी निघतात, आणि तुमच्या आढाव्याचं शेवटचं उपप्रकरण त्या फरकावर उभं राहू शकतं.