९६ पावत्या

"आप्पा, तेरीज जुळत होती, पासबुक जुळत होतं, तरी मेंटेनन्स दोनदा धरलाय हे तुम्हाला कळलं कसं?"

डब्यावरून. नानांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, सोसायटीची रोकड त्यात असते. त्या दिवशी डब्यात १,७५० रुपये होते आणि वही म्हणत होती की ८८,१५० असायला पाहिजेत.

नाना माझे शेजारी. आमचं रो हाउस, त्यांची सोसायटी भिंतीपलीकडे, २४ फ्लॅटची. जळगावात तशा खूप आहेत: चार मजले, लिफ्ट कधी चालू कधी बंद, खाली बोअरिंग. नाना तिथले खजिनदार, म्हणजे दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून खजिनदार. वही ते लिहीत नाहीत. महिन्यातून एकदा एक पोरगा येतो, पावतीपुस्तक आणि पासबुक घेऊन बसतो, कॉम्प्युटरवर नोंदी टाकतो आणि जातो. मार्चअखेरचा हिशोब त्याने मे महिन्यात काढून दिला. कमिटीने तो पाहिला, रोख शिल्लक ८८ हजार वाचली आणि खूश होऊन कंपाउंडला रंग मारायचं ठरवलं. मग रंगवाल्याला ॲडव्हान्स द्यायला नानांकडे पैसे मागितले.

त्या रात्री नाना माझ्याकडे आले. ते अमळनेरकडचे, मन भरून आलं की अहिराणीवर येतात. "आप्पा, मी एक रुप्या बी खादा नही." मी म्हटलं, मला माहीत आहे, बसा. पण ते ऐकायला नाही, विचारायला आले होते. त्यांची एक एफडी होती, ती मोडून ८६,४०० रुपये डब्यात टाकले तर विषय संपेल का?

विषय संपला असता, पण त्यांच्या नावावर संपला असता. स्वतःच्या खिशातून रोकड भरून दिली की कागदावर त्याचा एकच अर्थ निघतो. पंचायत समितीच्या लेखा शाखेत ३१ वर्षं काढली, त्यात अशी 'भरून दिलेली' रक्कम मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा माणूस आयुष्यभर चोर ठरला, आणि त्यातला एक नव्हता. मी नानांना म्हटलं, एफडीला हात लावू नका, उद्या सकाळी सगळं घेऊन गच्चीवर या.

वहीतल्या बेरजा मी तपासल्याच नाहीत. बेरीज कॉम्प्युटर करतो, ती चुकत नाही. मी फक्त एक भागाकार केला. मेंटेनन्स फ्लॅटमागे महिन्याला ९००. वर्षाचे १२ महिने, फ्लॅट २४, म्हणजे सगळ्यांनी अगदी शेवटचा महिना भरला तरी २८८ हप्ते होतात, २,५९,२०० रुपये. वहीत वर्षाची मेंटेनन्स जमा होती ३,२७,६००. त्याला ९०० ने भागलं तर ३६४ येतात. कोठीत २८८ पोती मावतात आणि वहीत ३६४ भरलेली. नानांना विचारलं, मागच्या वर्षाची कुणाची थकबाकी यंदा आली का? नाही. पुढच्या वर्षाचं कुणी आधीच भरलं का? तेही नाही. म्हणजे ७६ हप्ते असे होते की जे जगात नव्हतेच, फक्त वहीत होते.

आता तेरीज का जुळली ते सांगतो, कारण सगळे तिथेच फसले. मेंटेनन्स जमा लिहिला की दुसऱ्या बाजूला रोकड किंवा बँक वाढते. तीच नोंद पुन्हा केली की दोन्ही बाजू पुन्हा सारख्याच वाढतात. तेरीज एवढंच सांगते की नावे आणि जमा समान आहेत. नोंद झाली ती घटना खरंच घडली की नाही, हे तिला माहीत नसतं. आणि पासबुक जुळत होतं कारण बँकेच्या बाजूला काही चुकलंच नव्हतं. नाना रोख पैसे बँकेत भरत, त्याची नोंदही पोराने बरोबर केली होती, रोकडीतून बँकेत. खोटी होती ती सगळी रोकड. ती मोजायला डबा उघडावा लागतो, आणि डबा कुणी उघडला नव्हता.

सकाळी सहाला गच्चीवर बसलो. मे महिन्यातलं जळगाव, साडेआठनंतर तिथे उभं राहवत नाही. एका बाजूला आमच्या घरच्यांनी बिबडे वाळत घातले होते, त्यांच्याच कडेला सतरंजीवर पावतीपुस्तकं पसरली. पहिलीच स्थळप्रत उलगडली आणि दिसलं. पावतीवर छापलेलं असतं, 'रोखीने / धनादेशाने मिळाले'. जे नको ते खोडायचं असतं. नानांनी वर्षभरात एकाही पावतीवर काही खोडलं नव्हतं.

आदल्या एप्रिलमध्ये सोसायटीने गेटजवळ बँकेचा क्यूआर कोड लावला. तोवर सगळे रोखच देत, म्हणून त्याआधीच्या वर्षात काही घोळ नव्हता, तेही मी नंतर पाहून घेतलं. क्यूआर आल्यावर निम्मेअर्धे लोक फोनवरून भरू लागले. पण पावतीची सवय सुटत नाही. पैसे भरले की फोन दाखवायला नानांकडे यायचे आणि नाना पावती फाडून द्यायचे. पोरगा महिन्याअखेर यायचा. आधी पावतीपुस्तक घ्यायचा आणि त्यातली प्रत्येक पावती रोख जमा म्हणून टाकायचा, कारण पावतीवर वेगळं काही लिहिलेलंच नाही. मग पासबुक घ्यायचा आणि फोनवरून आलेली प्रत्येक रक्कम मेंटेनन्स जमा म्हणून बँकेत टाकायचा. ज्याने फोनवरून भरून पावतीही घेतली, त्याचे ९०० झाले १,८००. पोराला दोष द्यायचा तर द्या, पण त्याने दोन्ही कागद इमानदारीने उतरवले होते.

कारण सापडलं म्हणजे हिशोब सुटला असं नाही. वही आणि डबा यांच्यातला फरक ८६,४००, म्हणजे बरोबर ९६ हप्ते. त्यातले ७६ तर असूच शकत नव्हते, ते मघाशी दाखवलं. उरलेले २० मात्र असू शकत होते. म्हणजे हे २० हप्ते खरंच रोख आले, त्यांच्या पावत्या फाडल्या आणि ते पैसे डब्यात आलेच नाहीत, असंही कुणी म्हणू शकला असता. खाल्लेली रक्कमसुद्धा ९०० च्या पटीतच असते ना! कमिटीत एक जण असं म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि तो चूक नसता.

नानांकडे त्यांचा स्वतःचा तक्ता होता. ड्रॉइंग शीटवर २४ ओळी, १२ रकाने, पैसे आले की लाल पेनने खूण. खुणा मोजल्या, २६८ भरल्या. २० घरं रिकामी, सगळी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बंद फ्लॅटांची. हिशोब बसत होता, पण तक्ता नानांच्याच हातचा. ज्याच्यावर संशय त्याचाच कागद पुरावा म्हणून चालत नाही. त्यांच्या हातात नसलेला एकच कागद होता, पासबुक.

म्हणून एकेक पावती घेऊन पासबुकात तिचा जोडीदार शोधायचा. रकमेवरून शोधून उपयोग नाही, सगळ्याच रकमा ९०० च्या. शिवाय काही जण तीन महिन्यांचे २,७०० एकदम टाकतात आणि त्याच्या पावत्या तीन असतात. फ्लॅट आणि महिना धरूनच जोडी लावावी लागते. नावंही गोंधळ करतात. फ्लॅट वडिलांच्या नावावर, पैसे पुण्यातल्या मुलाच्या खात्यातून. नाना नाव ओळखायचे, मी पावतीच्या कोपऱ्यात आणि पासबुकात हिरव्या पेन्सिलीने टिक करायचो. तीन सकाळी गेल्या.

तिसऱ्या दिवशी जोड्या मोजल्या तर ९७. एक जास्त.

नाना म्हणाले, जाऊ द्या आप्पा, एकाने काय होतं. एकानेच सगळं होतं. ९०० चा फरक सोडून दिला की बाकीच्या ९६ वरही कुणी विश्वास ठेवत नाही. पुन्हा सगळ्या जोड्या पाहिल्या. १७ नंबर, ऑगस्ट. वडिलांनी दोन तारखेला नानांच्या हातात ९०० दिले, आणि मुलाने पाच तारखेला पुण्याहून फोनवरून ९०० टाकले. एकमेकांना सांगितलं नव्हतं. इथे पावती रोखीचीच होती, पैसेही खरंच दोनदा आले होते. तक्त्यात पाहिलं तर नानांनी १७ नंबरच्या सप्टेंबरच्या घरात खूण करून बारीक अक्षरात 'आगाऊ' लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. ही जोडी काढली. ९६ राहिल्या, ८६,४०० झाले, डबा आणि वही एका रेषेत आली.

दुरुस्ती करताना पोरगा जुन्या नोंदी पुसायला निघाला होता. मी नको म्हटलं. पुसलं की चूक झाली होती हेही पुसलं जातं, आणि मग 'वही नंतर बदलली' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. एक उलट नोंद केली, मेंटेनन्स जमेतून ८६,४०० कमी आणि रोकडीतून ८६,४०० कमी, आणि मागे ९६ पावत्यांची यादी जोडली: पावती नंबर, फ्लॅट, महिना, पासबुकातली तारीख. कमिटीच्या सभेत ठराव घेतला आणि मगच वही ऑडिटला गेली.

सभेला मी बाहेरचा, कोपऱ्यात बसलो होतो. ज्याच्याबद्दल वाटलं होतं त्यानेच यादी मागून घेतली आणि स्वतःच्या फ्लॅटच्या ओळी फोन काढून तपासल्या. त्याच्या नऊ पावत्या त्या यादीत होत्या. मग यादी पुढच्याला दिली आणि विचारलं, "म्हणजे रंग नाही?"

नानांनी डबा आणला होता. टेबलावर उपडा केला आणि मोजला. तीन पाचशेच्या नोटा, दोन शंभरच्या, एक पन्नासची.

जुनी पावतीपुस्तकं चार शिल्लक आहेत, ती वाया घालवायला नाना तयार नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून प्रत्येक पावतीवरचं 'रोखीने / धनादेशाने' खोडतात आणि वर 'फोनने' लिहितात. मी परवा म्हटलं, नाना, आधीच सगळ्या फोनच्या करून ठेवल्यात, आता रोख देणाऱ्याला काय देणार? ते थांबले, पेनाला टोपण लावलं आणि आत चष्मा शोधायला गेले.