हाताचा डाग कोणी बघितलाच नव्हता

केसपेपरवर निदान आधीच लिहून आलं होतं: जननेंद्रियावर वारंवार होणारा हर्पीस. मुंबईत कुरिअर पोचवणारा हा तिशीतला माणूस. त्याला हर्पीसवरच्या असायक्लोव्हिर या औषधाचे कोर्स अनेकदा दिलेले होते. बायको माहेरी चिपळूणला निघून गेली होती. "बाहेरून काहीतरी आणलंय," असा तिचा समज आणि निदान वाचलं तर तो समज चुकीचा म्हणता येत नव्हता.

तो आला तेव्हा जखम ताजी होती. हर्पीसमध्ये बारीक पाणीदार फोडांचा घोळका दिसतो, ते फुटून उथळ व्रण होतात आणि बरे झाल्यावर सहसा डाग राहत नाही. इथे एकच गोल, रेखीव कडेचा, जांभळट लाल चट्टा होता. मधली कातडी सुटली होती आणि भोवताली आधीच्या खेपांचा राखाडी काळा रंग शिल्लक होता. मी त्याला शर्टाच्या बाह्या वर करायला सांगितलं. डाव्या मनगटावर एक रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग, त्याची कडही त्या दिवशी लाल होती. "हा भाजल्याचा आहे, मॅडम. मधूनमधून खाजतो." दोन्ही डाग एकाच वेळी पेटतात का, असं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, "हो की."

फिक्स्ड ड्रग इरप्शन, म्हणजे ठरावीक औषधाने दर वेळी त्याच जागी उठणारा चट्टा, असंच वागतं. पहिल्या खेपेला कातडीत शिरलेल्या काही टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, तिथेच, त्याच गोलात, मुक्काम ठोकून राहतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की अर्ध्या तासापासून काही तासांत त्या आजूबाजूच्या पेशींवर तुटून पडतात. रंगद्रव्य खालच्या थरात सांडतं, म्हणून काळा डाग महिनोन्‌महिने हटत नाही. चट्टा आपोआप बसतो, त्यामुळे त्या काळात दिलेल्या कुठल्याही गोळीला गुण आल्यासारखं वाटतं. असायक्लोव्हिरवरचा विश्वास टिकला तो यामुळे.

"कुठली औषधं घेता?" "काहीच नाही." हे उत्तर मी रोज ऐकते. पोट बिघडल्यावर मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली गोळी लोक औषधात धरत नाहीत. म्हणून विचारावं लागतं: जुलाब झाले तर काय घेता? दाढ दुखली तर? मग ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली स्ट्रिप खिशातून निघाली. फिरतीच्या कामात बाहेरचं खाणं, त्यामुळे ती कायम जवळ असायची. चिठ्ठीशिवाय अशा गोळ्या हातावर ठेवणाऱ्या दुकानदारांचा मला मनापासून राग येतो.

आता दोन औषधांतलं कुठलं? दातांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घरी सापडली. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल आणि वेदनाशामक. तेव्हाही चट्टा उठला होता. त्या चिठ्ठीत ऑफ्लॉक्सॅसिन नव्हतं. ऑर्निडॅझोल आणि मेट्रोनिडॅझोल मात्र एकाच कुटुंबातली, एकाला प्रतिक्रिया देणारी कातडी दुसऱ्यालाही देऊ शकते. अमॉक्सिसिलिन आणि ती वेदनाशामक गोळी त्याने नंतरही घेतली होती, काही झालं नव्हतं.

खात्रीसाठी संशयित औषध मुद्दाम देऊन बघावं लागतं. पण चट्टा ताजा असताना ही चाचणी करून उपयोग नसतो, कातडी काही आठवडे दमलेली असते. तेवढं थांबून, लेखी संमती घेऊन, आधी ऑफ्लॉक्सॅसिन दिलं. काही झालं नाही. नंतर वेगळ्या दिवशी ऑर्निडॅझोलच्या ५०० मिलिग्रॅम गोळीचा चौथा भाग. ही चाचणी रुग्णालयातच, मोजक्या डागांच्या रुग्णावरच करतात. अंगभर फोड येऊन गेलेल्या माणसावर कधीच नाही. त्याच्या विनंतीवरून बायकोही आली होती. सकाळी गोळी दिली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मनगटावरचा डाग खाजू लागला, मग कडेने लाल आणि मधे जांभळट झाला. ती त्याचा हात धरून बघत होती. जननेंद्रियावरचा चट्टाही त्याच दुपारी चुरचुरू लागला.

चिठ्ठीवर मी कंपनीचं नाव न घालता औषधांची नावं लिहिली: ऑर्निडॅझोल, मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, सेक्निडॅझोल. स्ट्रिपचं नाव प्रत्येक दुकानात बदलतं, मागचे बारीक अक्षर वाचायची सवय त्याला लावावी लागली. काळा डाग घालवायला क्रीम मागितलं, तेव्हा रंग खोल गेल्यामुळे वरून चोळून फारसं काही होणार नाही, असं सांगितलं.

निघताना बायकोने विचारलं, "मग इतक्या डॉक्टरांनी यांचा हात का नाही बघितला?"

"हात दाखवा असं कोणी म्हणालंच नाही," तो म्हणाला.